हातावरचा लालसर चट्टा ऑनलाइन डॉक्टरांना दाखवताना: फोटो कसा काढायचा आणि सोबत काय लिहायचं

"मॅडम, हाताला काहीतरी झालंय. फोटो टाकलाय. बघून औषध सांगा." ऑनलाइन सल्ला देणाऱ्या कुठल्याही त्वचेच्या डॉक्टरला हा निरोप पाठ असतो. सोबतचा फोटो रात्री पिवळ्या बल्बखाली काढलेला असतो, मोबाइल चट्ट्याला जवळजवळ टेकवलेला असतो, आणि गुलाबी-तपकिरी धूसर पसाऱ्यात हा हात आहे की पोटरी तेही कळत नाही. मग डॉक्टर प्रश्न विचारतात, पेशंट ऑफिसातून दोन तासांनी उत्तर देतो, आणि दहा मिनिटांचं काम दुसऱ्या दिवसावर जातं.

दवाखान्यात समोर बसलेल्या पेशंटचा हात मी आधी बघते, मग त्यावरून बोट फिरवते, दाबून बघते, दुसरा हातही पुढे करायला सांगते आणि हे सगळं करता करता विचारत राहते. ऑनलाइनमध्ये त्यातलं फक्त बघणं माझ्याकडे उरतं, तेही तुमच्या कॅमेऱ्यातून. बोट फिरवणं, दाबणं, गरम लागतंय का ते पाहणं ही कामं तुमच्याकडे येतात. म्हणून वर्णनात फोटोत दिसतं तेच परत लिहून उपयोग नाही. फोटोत येत नाही ते लिहायचं.

एक नमुना घेऊन पुढे जाऊ. असा पेशंट पावसाळ्यात हमखास येतो. साताऱ्याकडच्या एका गावातली मावशी, वय ४५. पुण्यातली भाची तिच्यासाठी ऑनलाइन अपॉइंटमेंट घेते आणि लिहिते: "मावशीला हातावर नागीण झालीय. खूप त्रास होतोय. प्लीज अर्जंट औषध सांगा." फोटोत पिवळसर लेप लावलेला हात. हे वर्णन नीट कसं करायचं ते आता टप्प्याटप्प्याने बघू.

फोटोच्या आधी: हे असेल तर ऑनलाइन थांबू नका

अंगावर पुरळ उठण्यासोबत ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज येत असेल, श्वास लागत असेल, घसा आवळल्यासारखा वाटत असेल किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर फोटो काढत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठायचं.

हातावरची लाली तासातासाला पसरतेय, ताप आहे, आणि दिसतंय त्या मानाने दुखणं फारच जास्त आहे, किंवा कातडी काळीनिळी पडतेय, तर तेही प्रत्यक्ष दाखवायचं काम. मधुमेह असेल तर आणखी लवकर. नवीन गोळी सुरू केल्यानंतर पुरळ आलं आणि तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड आले किंवा कातडी सोलवटली, तरी तसंच. आणखी एक खूण आहे, तापासोबत येणारे आणि दाबल्यावर न जाणारे लाल ठिपके. ते कसं तपासायचं ते पुढे येईल.

यातलं काही नसेल तर घाई करू नका. अर्धा तास नीट वापरला की पुढचं सोपं होतं.

हात स्वच्छ, आणि वर काही लावलेलं नको

मावशीच्या हातावर हळद आणि तेल होतं. हळद लावली की लाल रंग कळत नाही. कॅलामाइन लावलं की वर गुलाबी पांढरा थर बसतो आणि खालचे बारीक फोड झाकले जातात. तेल-मलमाने चकाकी येते, ती कॅमेऱ्यात पाण्याच्या फोडासारखी दिसते. म्हणून साबण आणि साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवायचं, फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. घासलं की आजूबाजूची कातडीही लाल होते, त्यामुळे धुतल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून मग फोटो. हळदीचा पिवळेपणा एका धुण्यात जात नाही. तो राहिला तर सरळ लिहा, "पिवळं दिसतंय ते हळदीमुळे."

बांगड्या, घड्याळ, दोरा काढून ठेवा. मात्र चट्टा नेमका बांगडीखाली किंवा घड्याळाच्या बकलाखाली असेल तर आधी ते घालून एक फोटो घ्या. पुरळाची कड आणि पट्ट्याची कड जुळते हे एका फोटोत दिसलं की निम्मं निदान तिथेच होतं.

फोटो

दिवसा खिडकीजवळ उभं राहायचं, पण थेट उन्हात नाही. बल्बखाली सगळंच पिवळं येतं आणि ट्यूबखाली लाल रंग मरतो. फ्लॅश बंद ठेवा, कारण फ्लॅशमुळे चट्ट्याचा मधला भाग पांढरा उडतो आणि उंचवटे सपाट दिसतात. हाताखाली एक कोरा पांढरा कागद ठेवा. ही युक्ती फार कामाची आहे, कारण कागद फोटोत पिवळा दिसला तर बघणाऱ्याला लगेच कळतं की त्वचेचा रंगही तितकाच पिवळट आलाय, आणि तो मनात तेवढी वजाबाकी करतो.

मागचा कॅमेरा वापरा आणि फोटो दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा. सेल्फी कॅमेऱ्यात एक खोच आहे. बऱ्याच मोबाइलमध्ये त्यातला फोटो आरशासारखा उलटा जतन होतो, आणि डावा हात उजवा होऊन येतो. शिवाय ब्यूटी मोड किंवा फिल्टर चालू असेल तर मोबाइल स्वतःच कातडी गुळगुळीत करून ठेवतो. त्याला पुळ्या म्हणजे दोष वाटतात, आणि आपल्याला तर नेमक्या त्याच दाखवायच्या असतात.

किमान तीन फोटो हवेत. पहिला लांबून, खांद्यापासून बोटांपर्यंत पूर्ण हात दिसेल असा. यातून चट्टा नेमका कुठे आहे, एकच आहे की विखुरलेले आहेत, रेषेत आहेत की घडीत, हे कळतं. दुसरा मधल्या अंतरावरून, म्हणजे चट्टा आणि शेजारी कोपर किंवा मनगट असं काहीतरी ओळखीचं. तिसरा जवळून, पण एक वीत अंतर राखून. त्याहून जवळ गेलं की बहुतेक मोबाइलचा फोकस सुटतो. स्क्रीनवर चट्ट्यावर बोट टेकवा, चौकोन स्थिर झाला की श्वास रोखून बटण दाबा. फोटो काढून झाल्यावर तो मोठा करून बघा. चट्ट्यावरची लव किंवा कातडीच्या बारीक रेषा स्पष्ट दिसत असतील तर फोटो चांगला. त्या दिसत नसतील तर परत काढा, कारण तुम्हाला दिसत नाही ते डॉक्टरांनाही दिसणार नाही.

जवळच्या फोटोत मापासाठी मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी शेजारी ठेवा. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. नाणं धुऊन, चट्ट्याला न टेकवता बाजूला ठेवायचं.

वेळ असेल तर आणखी दोन फोटो. एक बाजूने, कातडीच्या पातळीवर मोबाइल आणून, म्हणजे चट्टा किती वर आलाय ते कळेल. दुसरा चांगल्या हाताचा, त्याच जागेचा. हा दुसरा फोटो लोकांना अनावश्यक वाटतो, पण तुमच्या कातडीचा मूळ रंग काय हे मला त्यावरूनच समजतं.

पाठवताना व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं. वरचा HD पर्याय निवडा किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चेहरा फोटोत यायची गरज नाही, आधार कार्डाचीही नाही.

रंगाबद्दल थोडं

गोऱ्या कातडीवरची सूज लाल दिसते. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तीच सूज जांभळट, विटकरी, काळसर किंवा नुसती आजूबाजूपेक्षा गडद दिसते. त्यामुळे "लाल नाहीये, म्हणजे विशेष काही नसेल" असं समजून लोक थांबतात. "लाल" हा शब्द आलाच पाहिजे असं नाही. शेजारच्या कातडीशी तुलना करून लिहा: "आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट तपकिरी" किंवा "मधोमध फिकट, कडेला गडद". आणि रंगावर विश्वास नसेल तिथे हाताला विचारा. बोटांच्या मागच्या बाजूने आधी चट्टा, मग दुसऱ्या हातावर तीच जागा, असं आलटून पालटून लावून बघा. गरम लागलं तर लिहा. सावळ्या कातडीवर ही खूण कित्येकदा रंगापेक्षा भरवशाची ठरते.

कुठे आहे ते

"हातावर" याने काहीच कळत नाही. आधी उजवा की डावा. मग दंडावर, कोपराच्या घडीत, कोपर ते मनगट यांच्यामध्ये, मनगटावर, की बोटांच्या बेचक्यात. मग बाजू: तळहाताकडची मऊ बाजू की मागची केसाळ बाजू. अंतर बोटांनी मोजलं तरी चालतं, "मनगटाच्या वर चार बोटं".

जागेला इतका भाव का द्यायचा? कारण त्वचेचे आजार जागा धरून असतात. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बारीक पुळ्या, रात्री वाढणारी खाज, आणि घरातल्या आणखी कुणालातरी तसंच, हे ऐकलं की डॉक्टरांच्या मनात खरूज येते. कोपराच्या आतल्या घडीत खाजरा कोरडा चट्टा लहानपणापासून येऊन जाऊन असेल तर विचार वेगळ्या दिशेने जातो. शेतात गाजर गवत उपटणाऱ्या माणसाच्या उघड्या हातांवर, मानेवर, चेहऱ्यावर चट्टे आणि सदऱ्याखाली कातडी साफ असेल, तर ती सीमारेषाच बोलते. म्हणून बाकी अंगही एकदा बघून घ्या आणि "इतर कुठेही नाही" असेल तर तेही लिहा. नकारही उत्तरच असतं.

काय आहे ते, आजाराचं नाव न घेता

इथे बहुतेकांची गाडी अडते. "नागीण", "अॅलर्जी", "फंगल", "इन्फेक्शन" ही नावं निदानाची आहेत, वर्णनाची नाहीत. तुम्ही नाव घेतलंत की ऐकणाराही क्षणभर त्याच चष्म्यातून बघतो. तुम्हाला जे वाटतं ते शेवटी एका ओळीत जरूर सांगा, पण आधी जे दिसतं ते.

हात धुऊन, डोळे मिटून बोटाचं टोक चांगल्या कातडीवरून चट्ट्यावर न्या आणि पुढे दुसऱ्या बाजूला बाहेर काढा. कड बोटाला लागते का? बोटाला काहीच लागलं नाही आणि नुसता रंग बदललाय तर तो सपाट डाग. लागलं तर उंचवटा. त्यावर बारीक दाणे आहेत, पाणी भरलेले फोड आहेत, की पिवळट पू भरलेले? कोंडा सुटतो का, खपली धरलीय का, ओल येतेय का? मच्छर चावल्यासारख्या फुगीर, गुळगुळीत, खाजणाऱ्या गांधी आहेत का? कड ठळक आहे की हळूहळू विरत जाते? गोल चकतीची कड खवलेदार आणि मधला भाग साफ होत चाललेला असेल तर ते मुद्दाम लिहा.

आकार आणि मांडणीही सांगा: गोल, वेडावाकडा, रेषेसारखा, घोळक्याने. किती आहेत ते मोजता येत असेल तर आकडा, नाहीतर "वीसहून जास्त".

दाबून बघण्यासाठी काचेचा पारदर्शक पेला घ्या. त्याची बाजू चट्ट्यावर हलकेच दाबा आणि काचेतून बघा. रक्तवाहिन्या फुगल्यामुळे आलेली लाली दाबल्यावर फिकी पडते, कारण रक्त बाजूला सरकतं. रक्त वाहिन्यांच्या बाहेर कातडीत झिरपलं असेल तर ठिपका तसाच राहतो. न जाणारे ठिपके आणि अंगात ताप ही जोडी दिसली तर ऑनलाइन सल्ला सोडून हॉस्पिटलमध्ये जायचं. सावळ्या कातडीवर हा फरक टिपणं अवघड जातं, त्यामुळे हाताच्या आतल्या फिकट बाजूवरचा ठिपका निवडा. ओला किंवा फुटलेला फोड मात्र दाबायचा नाही.

एक तपासणी लोक सोडून देतात. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, फिकट किंवा तांबूस आहे आणि बरेच महिने तसाच आहे, तर डोळे मिटून दुसऱ्या कुणाला तरी कापसाच्या टोकाने आधी चांगल्या कातडीला आणि मग चट्ट्याला स्पर्श करायला सांगा. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल किंवा कमी कळत असेल तर ती बाब निरोपात सगळ्यात वर लिहा. त्यात कुष्ठरोगाची शक्यता तपासावी लागते. ती तपासणी प्रत्यक्षच होते, आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. लवकर सुरू केलं तर हातापायाच्या नसा वाचतात.

कधीपासून, आणि काय होतंय

"बरेच दिवस झाले" याला काही अर्थ लागत नाही. पहिल्यांदा लक्षात आलं तो वार आणि वेळ लिहा. मग एका वाक्यात प्रवास: आधी काय होतं, आता काय आहे. "मंगळवारी सकाळी नुसती जळजळ, संध्याकाळी लाल पट्टा, बुधवारी त्यावर बारीक पिवळट फोड" इतकं पुरतं. एकदा येऊन गेलेलं परत आलं असेल तर मागच्या वेळी कुठल्या महिन्यात होतं ते सांगा.

पसरतंय की नाही यावर घरात नेहमी वाद होतो. आईला वाढलंय वाटतं, वडिलांना कमी. वाद मिटवायला बॉलपेनने चट्ट्याच्या कडेबाहेरून हलकी रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. चार-सहा तासांनी लाली रेघेबाहेर गेली का ते बघा. गांधी उठल्या असतील तर त्यातल्या एकाच गांधीभोवती रेघ मारा. साध्या शीतपित्ताची एक गांध सहसा चोवीस तासांत विरते, नवीन दुसरीकडे उठते. तीच गांध त्याच जागी दोन दिवस बसून राहिली आणि जाताना काळा डाग ठेवून गेली, तर डॉक्टर वेगळा विचार करतात.

त्रास कसला आहे तेही नीट वेगळं करा. खाज म्हणजे खाजवावंसं वाटतं. जळजळ म्हणजे तव्याचा चटका बसल्यासारखं, हात लावू नये असं वाटतं. दुखणं, ठणका, सुया टोचल्यासारखं, बधिरपणा हे सगळं निरनिराळं आहे, आणि "त्रास होतोय" या एका शब्दात हे सगळं बुडतं. रात्री झोपमोड होते का, हेही लिहा.

आधी काय लावलं, काय खाल्लं

हा भाग लोक लाजून गाळतात, आणि तिथेच निदान फसतं. मेडिकलमधून आणलेली ट्यूब, शेजारणीने दिलेलं मलम, हळद, टूथपेस्ट, बिब्बा, कडुलिंबाचा पाला, काहीही असो, लिहा. कुणी रागावणार नाही, आणि रागावलंच तर तो त्या डॉक्टरचा दोष.

ट्यूबचं नाव लिहिण्यापेक्षा तिच्या मागच्या बाजूचा, घटक छापलेल्या भागाचा फोटो पाठवा. आपल्याकडे दुकानातून सहज मिळणाऱ्या कित्येक मलमांत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. घटकांत बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. गजकर्णावर ते लावलं की खाज दोन-तीन दिवसांत थांबते, बरं वाटतं, आणि खाली बुरशी आरामात पसरत राहते. चकतीची ठळक कड पुसली जाते, चट्टा विचित्र दिसू लागतो, आणि मग चांगल्यात चांगला फोटोही चकवतो. "दीड महिना ही ट्यूब लावत होते, थांबवली की वाढतं" हे एक वाक्य मला फोटोपेक्षा जास्त सांगून जातं.

गेल्या महिन्याभरात सुरू झालेली नवीन औषधं, मधुमेह, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं, पूर्वी कुठल्या औषधाची रिअॅक्शन आली असेल तर ती, हे चार मुद्दे एकेका ओळीत. घरात, कामावर, शेतात नवीन काय हाताळलं तेही: नवीन साबण, मेंदी, सिमेंट, फवारणी, गवत.

आता मावशीचा निरोप पुन्हा

भाचीने फोनवर विचारून विचारून हे लिहून काढलं. "अगं, कधी उठलं नेमकं?" "मंगळवारी. सकाळी हात धुताना चुरचुरलं." "आणि रविवारी, सोमवारी रात्री कुठे झोपली होतीस?" "ओसरीवर. आत उकडतं गं. रात्रभर ट्यूबलाइट लावलेली असते." हा शेवटचा प्रश्न भाचीला आपणहून सुचला, आणि तोच कळीचा ठरला. तिचा नवा निरोप असा:

> पेशंट: स्त्री, ४५ वर्षं. मधुमेह नाही, कसलंही औषध चालू नाही, औषधाची रिअॅक्शन कधी आलेली नाही. मी भाची, तिच्या परवानगीने लिहितेय.
>
> जागा: उजवा हात, तळहाताकडची बाजू. एक पट्टा कोपराच्या घडीच्या दोन बोटं खाली, आडवा, सुमारे ५ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद. घडीच्या वर दंडावर अगदी तसाच दुसरा. हात दुमडला की दोन्ही एकमेकांवर बसतात. बाकी अंगावर, तोंडात, डोळ्यांत काही नाही.
>
> दिसायला: विटकरी लाल, जरा उंच, कड ठळक. मधोमध बारीक पिवळट फोड. हाताला थोडं गरम. दाबल्यावर लाली फिकी होते. पिवळा रंग हळदीचा.
>
> कधीपासून: मंगळवारी सकाळी जळजळ, संध्याकाळी पट्टा, आज बुधवारी फोड. त्याआधी तिथे दुखत नव्हतं. पेनाने रेघ मारलीय, सहा तासांत बाहेर गेलेलं नाही.
>
> त्रास: आग होते, खाज थोडी. ताप नाही.
>
> लावलं: हळद आणि खोबरेल तेल, मंगळवारपासून. ट्यूब नाही.
>
> इतर: ओसरीवर ट्यूबखाली झोपते, पावसात खूप किडे येतात. घरात दुसऱ्या कुणाला नाही. आम्हाला नागीण वाटते.
>
> फोटो: पाच, दिवसा खिडकीजवळ.

हा निरोप वाचून डॉक्टरांना विचारायला फारसं काही उरत नाही. नागीण साधारणपणे एका बाजूच्या एका नसेच्या पट्ट्यात येते, फोडांचे घोळके असतात, आणि बऱ्याचदा फोडांच्या आधी काही दिवस तिथे दुखत असतं. इथे तसं नाही. घडीच्या वर आणि खाली जुळे पट्टे, रेषेसारखा आकार, खाजेपेक्षा आग, पावसाळा आणि ट्यूबलाइट, हे सगळं एका बारीक किड्याकडे बोट दाखवतं. काळा-नारिंगी, जेमतेम सेंटिमीटरभर लांब, उजेडाकडे येणारा हा किडा चावत नाही. अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातलं पेडेरिन नावाचं द्रव्य कातडीला लागतं, आणि एक ते दोन दिवसांत तिथे भाजल्यासारखा पट्टा उठतो. हात दुमडून झोपलं की तेच द्रव्य समोरच्या कातडीला लागतं, म्हणून जुळे पट्टे. गावाकडे याला "काहीतरी अंगावर मुतलं" म्हणतात.

मावशीला पट्टे साबणाने धुवायला, गार पाण्याच्या घड्या ठेवायला, त्या हाताने डोळे न चोळायला सांगितलं आणि थोड्या दिवसांपुरतं स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं. तेच मलम दुसऱ्या कुणी बघून लावू नये, कारण तेच स्टेरॉइड गजकर्णावर उलटं पडतं.

फोटोने जे होणार नाही

काही प्रश्न कितीही सुंदर फोटो आणि वर्णन असलं तरी सुटत नाहीत. बुरशी आहे की नाही हे पक्कं करायला कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. कशाची अॅलर्जी ते पाठीवर पॅच टेस्ट लावून कळतं. बरेच महिने न जाणारा, वाढणारा किंवा रक्त येणारा चट्टा असेल तर तुकडा काढून तपासावा लागू शकतो. ऑनलाइन डॉक्टर "प्रत्यक्ष या" म्हणाले तर ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत प्रत्यक्ष बोलावण्याचा निर्णय डॉक्टरांवरच सोपवलेला आहे. त्याच सूचनांप्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. नसेल तर मागून घ्या. आणि पेशंट लहान मूल असेल तर मोठं माणूस सोबत हवं.

दुसरा फोटो कधी

औषध सुरू केल्यावर रोज फोटो पाठवू नका, रोजच्या फोटोत फरक दिसत नाही आणि उगाच धास्ती वाढते. डॉक्टरांनी वेगळा दिवस दिला नसेल तर तिसऱ्या दिवशी, तीच खिडकी, तोच कागद, तीच पट्टी. सोबत चारच गोष्टी: लाली पेनाच्या रेघेच्या आत आहे की बाहेर, नवीन चट्टा आला का, आग किंवा खाज कमी झाली का, आणि औषध खरंच किती वेळा लावलं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिक असू दे. "दोनदा सांगितलं होतं, एकदाच लावलं" हे कळलं नाही तर डॉक्टर चांगलं चाललेलं औषध बदलून टाकतात.

मावशीचे फोड तिसऱ्या दिवशी सुकायला लागले आणि खपली धरली. खपली पडल्यावर तिथे तपकिरी डाग राहतो. तो काही आठवडे, कधी त्याहूनही जास्त टिकतो. तो आजार वाढल्याची खूण नाही, त्यावर नवीन मलम लागत नाही आणि त्याचा फोटोही तातडीने पाठवायची गरज नाही. पू वाढला, ठणका लागला, ताप आला किंवा लाली रेघ ओलांडून वर सरकली, तर मात्र तिसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच संध्याकाळी कळवायचं, आणि उत्तर आलं नाही तर जवळच्या दवाखान्यात हात दाखवून यायचं.